स्टॉर्म सर्ज १ मीटर म्हणजे नक्की किती पाणी, आणि त्यासाठी गावं रिकामी का करतात?

मकरंद_जी
चक्रीवादळ आलं की हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये एक ओळ हमखास असते, भरतीच्या पातळीपेक्षा साधारण १ मीटर उंच स्टॉर्म सर्ज येऊन सखल भागात पाणी शिरेल अशी. ही ओळ मला कधी नीट कळलेलीच नाही. पावसाळ्यात साध्या उधाणाला तीन-चार मीटरच्या लाटा किनाऱ्यावर आपटताना बघितल्यात आपण, मग १ मीटरसाठी एवढी धावपळ कशाला? टीव्हीवर सगळे वाऱ्याचा वेगच सांगत बसतात, पाण्याबद्दल दोन वाक्यं. आणि मुळात हे वादळ समुद्रावरच का तयार होतं, गरम पाण्याचा नक्की काय संबंध, तेही कुणीतरी साध्या भाषेत सांगा. जाणकारांच्या प्रतिसादाची वाट बघतोय.

अनुप७
समुद्राचं तापमान २६-२७ डिग्रीच्या वर गेलं की वादळ तयार होतं, एवढं सोपं आहे. मधोमध हवेचा दाब खूप कमी होतो, त्यामुळे तिथलं पाणी वर ओढलं जातं, त्याचा फुगवटा होतो आणि वादळ जमिनीवर आलं की तो फुगवटा पण जमिनीवर येतो. तोच सर्ज.

दर्यावर्दी
अनुप, फुगवटा येतो हे बरोबर आहे पण सर्जमधला तो सगळ्यात छोटा भाग. दाब १ हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण १ सेंटिमीटर चढतं, हा ढोबळ हिशोब पक्का आहे. आता १९९९ चं ओडिशाचं सुपर सायक्लोन घ्या. केंद्रातला दाब ९१२ च्या आसपास उतरला होता, नेहमीचा १०१० धरा, म्हणजे फरक ९८, म्हणजे पाणी फार तर १ मीटर चढलं असतं. प्रत्यक्षात पारादीपच्या बाजूला, एरसमा भागात, ५ ते ६ मीटर चढलं. मग उरलेलं चार-पाच मीटर कुठून आलं? ते वाऱ्याने आणलं.

वारा तासन् तास एकाच दिशेने पाण्याच्या पृष्ठभागाला घासत राहतो आणि पाणी किनाऱ्याकडे लोटतो. खोल समुद्रात असं लोटलेलं पाणी खालच्या थरातून परत मागे फिरतं त्यामुळे वर काही साचत नाही. पण किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की परत जायला खाली जागाच उरत नाही, पुढे जमीन, मागून वारा, म्हणून पाणी चढत जातं. भरलेल्या परातीत हाताने पाणी एका कडेकडे लोटून धरलं तर त्या कडेला कसं चढतं, आणि हात धरून ठेवाल तोपर्यंत उतरत नाही, तसं. त्यामुळे तळाचा उतार किती सावकाश आहे यावर सगळं अवलंबून. एकाच ताकदीचं वादळ खोल किनाऱ्यावर दीड मीटर देईल आणि उथळ किनाऱ्यावर चार-पाच. बंगालच्या उपसागराचं वरचं टोक उथळही आहे आणि नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेलंय, म्हणून तिथे एवढे बळी गेले. नोव्हेंबर १९७० चं भोला वादळ बघा, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आताच्या बांगलादेशात, भरतीच्या वेळेला रात्री पाणी घुसलं, तीन ते पाच लाख माणसं गेली असं धरतात. नक्की आकडा कुणालाच लागला नाही कारण मोजायला बेटांवर लोकच उरले नव्हते.

मकरंद, तुमच्या १ मीटरच्या प्रश्नावर रात्री लिहितो, तोच खरा मुद्दा आहे.

सुमेधा_व्ही
दर्यावर्दी लिहीपर्यंत मी गरम समुद्राबद्दल लिहिते, हा माझ्या अभ्यासाचा भाग होता. अनुपदादा म्हणतात तसं २६.५ डिग्री हा आकडा सगळीकडे असतो, पण नुसता पृष्ठभाग तेवढा गरम असून भागत नाही, वरचा साधारण ५० मीटरचा थर गरम लागतो. कारण असं की वादळ स्वतःच समुद्र घुसळतं. वरचा गरम थर पातळ असेल तर खालचं गार पाणी वर येतं आणि वादळाचं इंधन त्याचं त्यानेच संपवून टाकलेलं असतं. वादळ एका जागी रेंगाळलं तर हे जास्त होतं. वादळ निघून गेल्यावर सॅटेलाइटच्या तापमानाच्या नकाशात त्याच्या वाटेवर गार पाण्याचा पट्टा अगदी स्वच्छ दिसतो.

इंधन म्हणजे काय तर वाफ. गरम समुद्रावरून वाफ वर जाते, वर जाऊन तिचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती आजूबाजूची हवा तापवते, तापलेली हवा आणखी वर उठते, खाली दाब आणखी कमी होतो, त्यामुळे चारी बाजूंनी आणखी दमट हवा आत खेचली जाते, वारा वाढला की समुद्रावरून वाफही जास्त निघते. म्हणजे ते स्वतःलाच पोसत जातं. आणि जमिनीवर आलं की ढासळतं ते याचमुळे, खालून वाफ मिळायची बंद होते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आत येणारी हवा सरळ न येता वळते म्हणून गरगर फिरणं सुरू होतं. विषुववृत्ताजवळ हे वळणं जवळपास नसतंच, म्हणून साधारण ५ अंशांच्या आत समुद्र कितीही गरम असला तरी वादळं क्वचितच होतात.

अनुप७
ओके, पण मग एप्रिल-मे मध्ये अख्खा उपसागर तापलेला असतो, तरी रोज वादळ का नाही? आणि जुलै-ऑगस्टला पण पाणी गरमच असतं, तेव्हा तर जवळपास नसतातच.

सुमेधा_व्ही
कारण गरम पाणी लागतंच, पण तेवढ्याने पुरत नाही. आधी ढगांचा विस्कळीत का होईना पण एक समूह असावा लागतो, मधल्या उंचीवरची हवा पुरेशी दमट लागते, आणि सगळ्यात महत्त्वाचं, खालचा वारा आणि १०-१२ किलोमीटर उंचीवरचा वारा यांच्यात फार फरक नको. जुलै-ऑगस्टमध्ये खाली मान्सूनचा जोरदार पश्चिमेचा वारा आणि वर पूर्वेकडून येणारा जेट असतो, म्हणजे एकमेकांच्या उलट. उठणारा ढगांचा खांब त्यात तिरका होतो, तापलेली हवा केंद्राच्या डोक्यावर टिकतच नाही, बाजूला वाहून जाते. म्हणून आपल्याकडे वादळांचे सीझन दोन, मान्सूनच्या आधी आणि मान्सूननंतर. बहुतेक कमी दाबाचे पट्टे वादळ व्हायच्या आधीच विरतात.

एक गोष्ट मला नेहमी फार महत्त्वाची वाटते. पावसाळ्यानंतर गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी यांचं गोडं पाणी उपसागराच्या उत्तरेला वरच्या वर पसरतं. गोडं पाणी हलकं, ते खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही, त्यामुळे वादळाने कितीही घुसळलं तरी खालचं गार पाणी वर यायला अडतं. म्हणजे वादळाला आवर घालणारी समुद्राची जी एक सोय आहे तीच तिथे लंगडी पडते, आणि तेही बरोबर ऑक्टोबर-नोव्हेंबरला.

दर्यावर्दी
मकरंद, आता तुमचं १ मीटर.

लाट येते आणि जाते. तिची उंची म्हणजे शिखर आणि खळगा यातलं अंतर, काही सेकंदांचा खेळ. सर्ज म्हणजे समुद्राची पातळीच वर चढणं, तेही काही तास. आणि बुलेटिनमधली उंची ही त्या वेळच्या भरती-ओहोटीच्या पातळीच्या वर असते, तुमच्या अंगणापासून मोजलेली नसते. लाटा त्याच्या वर वेगळ्या, त्या आकड्यात धरलेल्या नसतात.

समजा एका गावात भरतीचं पाणी सरासरी समुद्रपातळीच्या २ मीटर वर चढतं आणि ओहोटीला १ मीटर खाली जातं. किनाऱ्यालगतच्या घराचं अंगण २.८ मीटरवर आहे. रोजच्या भरतीला पाणी अंगणाच्या ८० सेंटिमीटर खालीच थांबतं, म्हणून आजोबा-पणजोबांच्या काळापासून तिथे घर आहे, सगळं सुरक्षित. आता १.५ मीटर सर्ज ऐन भरतीला आला. २ अधिक १.५ म्हणजे ३.५. अंगणात ७० सेंटिमीटर पाणी, मांडीच्या वर, आणि ते नुसतं उभं नाही, वाहतं आहे. आता त्याच्यावर लाटा. एरवी ज्या लाटा पुळणीवर फुटून संपतात त्या आता वाळू पाण्याखाली गेल्यामुळे थेट भिंतीवर येऊन फुटतात. समुद्राचं एक घनमीटर पाणी हजार किलोपेक्षा जास्त भरतं, विटांची भिंत त्यासाठी बांधलेली नसते. तोच सर्ज सहा तासांनी, ओहोटीला आला असता तर उणे १ अधिक १.५ म्हणजे अर्धा मीटर, म्हणजे रोजच्या भरतीपेक्षाही खाली. वादळ तेच, वारा तोच.

म्हणून इशारा आला की नुसता सर्जचा आकडा बघू नका, वादळ किनाऱ्याला लागायची वेळ आणि भरतीचं कोष्टक शेजारी ठेवून बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास असेल तर जास्तच लक्ष द्या.

मकरंद_जी
हे पहिल्यांदा कळलं! मी इतकी वर्षं लाटेची उंची समजूनच वाचत होतो ते. म्हणजे ताकद कमी असलेलं वादळ पण भरतीला आलं तर जास्त बुडवू शकतं?

दर्यावर्दी
हो, आणि असं झालेलं आहे. आयला, २५ मे २००९. आपल्या वर्गवारीत ते 'तीव्र चक्रीवादळ', म्हणजे सुपर सायक्लोनच्या बऱ्याच पायऱ्या खाली, वारा ताशी ११०-१२० च्या घरात. पण अमावास्या आदल्याच दिवशी होती, उधाणाची भरती, आणि वादळ गेलं सुंदरबनच्या बाजूने, जिथे कितीतरी बेटांवरची वस्ती भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे आणि मातीच्या बांधांच्या भरवशावर जगते. बांध एका जागी फुटला की पाणी तीच वाट मोठी करत नेतं. शेकडो किलोमीटर बांध गेले. आणि नुसतं त्या दिवसापुरतं नाही, बांध दुरुस्त होईपर्यंत रोज दोनदा भरतीचं पाणी शेतात ये-जा करत राहिलं. तळ्यांत खारं पाणी, प्यायला नाही, मासे मेले, भाताच्या जमिनीत मीठ बसलं ते पुढचे काही हंगाम निघालं नाही. लोक गावं सोडून मजुरीला बाहेर पडले. वाऱ्याने उडालेलं छप्पर महिन्याभरात परत घालता येतं हो, खारावलेल्या जमिनीला तसा उपाय नाही, दोन-तीन पावसाळे धुऊन निघायची वाट बघावी लागते. किनाऱ्यावरच्या माणसासाठी सर्ज म्हणजे हे सगळं.

रवी_टी
माझा प्रश्न थोडा वेगळा. भाऊ मच्छीमारी करतो, त्यांच्यात म्हणतात की लाट किनाऱ्यावरच मोठी होते, खोल पाण्यात जाणवत पण नाही, मग इशारा आला की बोटी आत खोल समुद्रात न्याव्यात, तिथे सेफ. हे बरोबर ना? आणि समुद्र मागे गेला की १०-१५ मिनिटात लाट येणार हे पण.

दर्यावर्दी
रवी, नाही नाही, हे कृपा करून भावाला आजच सांगा. तुम्ही म्हणताय ती गोष्ट त्सुनामीची. त्सुनामी समुद्रतळ हलल्याने होते, खोल पाण्यात तिची उंची नगण्य असते, म्हणून तिथे बोट वाचते. चक्रीवादळात सगळ्यात भयानक जागा खोल समुद्रच, तिथे वारा पण आहे आणि दहा-दहा मीटरच्या लाटा पण. सर्ज तेवढा खोल पाण्यात नसतो, बाकी सगळं असतं. इशारा आला की बोटी बंदरात आणायच्या आणि माणसांनी बोटीवर झोपायचं नाही.

पाणी मागे जाण्याचं मात्र वादळातही होतं, पण कारण वेगळं. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो. वादळ ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड करून उभे राहा, तुमच्या उजव्या हाताला वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, पाणी चढतं. डाव्या हाताला वारा जमिनीकडून समुद्राकडे, पाणी उतरतं. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर पश्चिमेकडे जाणाऱ्या वादळाच्या उत्तरेला धोका जास्त, आणि पश्चिम किनाऱ्यावर वादळ पूर्वेकडे सरकत असेल तर केंद्राच्या दक्षिणेला. सगळ्यात जास्त पाणी केंद्रावर नाही, त्याच्या उजवीकडे वीस ते पन्नास किलोमीटरवर चढतं.

२०२२ चं अमेरिकेतलं इयान वादळ याचं डोळ्यांनी दिसणारं उदाहरण. सुरुवातीला अंदाज टँपा शहराकडे बोट दाखवत होता. २८ सप्टेंबरला वादळ त्याच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. टँपाचा उपसागर डाव्या बाजूला पडला, तिथलं पाणी इतकं ओसरलं की तळ उघडा पडला. आणि उजवीकडे फोर्ट मायर्स बीचवर तीन ते साडेचार मीटर पाणी, वादळाने थेट जे मेले त्यातले बहुतेक पाण्यामुळेच. टँपामध्ये लोक उघड्या तळावर फिरायला उतरले होते. वादळ पुढे सरकलं की वारा फिरतो आणि ते पाणी परत येतं, कधीकधी फार वेगाने. तिथे उतरायचंच नसतं.

अनुप७
मग सरळ आहे, केंद्राच्या डावीकडे असलो तर घर सोडायची गरज नाही.

सुमेधा_व्ही
अनुपदादा, असं अजिबात ठरवू नका. किनाऱ्याला लागायची जागा आदल्या दिवशीच्या अंदाजातही पन्नास-साठ-सत्तर किलोमीटर इकडेतिकडे होऊ शकते. जेव्हा नक्की कळतं की आपण डावीकडे आहोत तेव्हा झाडं पडून रस्ते बंद झालेले असतात. घर सोडायचा निर्णय रस्ता उघडा असतानाच घ्यावा लागतो, आणि तेव्हा डावं-उजवं ठरलेलं नसतं.

वरदा
माझी शंका आमच्याबद्दल आहे. आई-बाबा राहतात ते घर समुद्रावर नाही, खाडीच्या काठी आहे, समुद्रापासून सहा-सात किलोमीटर आत. बाबा म्हणतात एवढ्या आत काय येतंय, मध्ये डोंगर आहे, वारा पण लागत नाही. मागच्या वेळी पाणी मागच्या पायरीपर्यंत आलं होतं पण ते पावसाचं होतं असं सगळे म्हणाले. तर खाडीत सर्ज येतो का?

दर्यावर्दी
वरदाताई, येतो, आणि खाडी निमुळती असेल तर तोंडाशी जेवढा चढला त्यापेक्षा आत जास्त चढू शकतो. डोंगर वाऱ्याला आडवा येतो, पाण्याला नाही, ते खाडीच्या वाटेने वळसा घालून येतं. 'पावसाचं पाणी' म्हणतात ते अर्धं खरं असणार. वादळात वरून नदीला पूर आलेला असतो आणि खाली खाडीच्या तोंडाशी समुद्र चढलेला, त्यामुळे पुराला बाहेर पडायला वाट नाही, ते मागे साचतं. चव खारट होती का, ते आठवतंय का कुणाला? आणि पाणी केव्हा उतरलं, पाऊस थांबल्यावर की भरती उतरल्यावर? ते आठवलं तर बरंच कळेल.

एक काम करून बघा. उधाणाच्या भरतीला काठावर पाणी जिथवर येतं तिथे खूण करा आणि घराचा उंबरा त्याच्या किती वर आहे ते लांब पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी लेव्हल घेतात तसं मोजा. तो फरक दीड मीटरपेक्षा कमी निघाला तर १ मीटरच्या इशाऱ्याला पण बाबांनी वरच्या वस्तीत जावं, कारण खाडीत तो १ मीटर १ राहीलच असं नाही. आपला नक्की आकडा मी इथे बसून सांगू शकत नाही, खाडीच्या खोलीवर आणि वळणांवर ते जातं. हैदराबादची इन्कॉइस संस्था वादळाच्या वेळी किनाऱ्याचे सर्जचे अंदाज काढते, ते बघत जा, पण छोट्या खाडीच्या आतलं त्यात तेवढं बारीक येत नाही.

वरदा
बाबांना विचारलं, चवीचं कुणाला आठवत नाही पण विहीर नंतर बरेच दिवस मचूळ लागत होती म्हणाले.

दर्यावर्दी
मग समुद्र आत आला होता ताई. नुसत्या पावसाच्या पाण्याने विहीर मचूळ होत नाही. नळीने मोजाच, पुढच्या अमावास्येलाच.

कांदळवन_प्रेमी
खाडीचा विषय निघालाय म्हणून लिहितो, काठावर कांदळवन राखलं तर सर्ज अडतो, भिंती-बिंती बांधायची गरजच नाही. १९९९ च्या वादळानंतर ओडिशातल्या केंद्रपाडा भागात अभ्यास झाला, ज्या गावांसमोर कांदळवनाचा पट्टा रुंद होता तिथे मृत्यू कमी झाले.

सुमेधा_व्ही
तो अभ्यास खरा आहे आणि कांदळवन तोडू नये याबद्दल माझंही तेच मत. पण दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. लाटांचा जोर कांदळवन पहिल्या शंभर-दोनशे मीटरमध्येच खूप कमी करतं. सर्ज म्हणजे चढलेली पातळी, ती काही तास टिकते, झाडांमधून पाणी सावकाश का होईना आत येतच राहतं. तिथे एका किलोमीटरच्या पट्ट्यामागे काही सेंटिमीटर ते फार तर अर्धा मीटर एवढीच घट धरतात. काठावर पन्नास मीटरची पट्टी उरलेली असताना त्या भरवशावर घरात बसणं धोक्याचं आहे.

कांदळवन_प्रेमी
पाणी सावकाश येणं हाच तर फायदा ना, माणसांना पळायला वेळ मिळतो. भिंत फुटते तेव्हा एकदम येतं. सुंदरबनचे बांध फुटले ते वर आलंच आहे.

सुमेधा_व्ही
वेळ मिळतो हे मान्य. पण रात्री, तुफान पावसात, तेवढ्या वेळात म्हातारी माणसं घेऊन कुठवर जाणार? त्यापेक्षा आदल्या दिवशी निघालेलं बरं. २०१९ ला फणीच्या आधी ओडिशात सुमारे १२ लाख लोक हलवले, मृत्यू ६४. १९९९ ला दहा हजारांच्या आसपास गेले होते. वादळं सारखी नव्हती, फणीच्या वेळी सर्जही तेवढा नव्हता, त्यामुळे सरळ तुलना होत नाही, पण माणसं तिथे नव्हतीच हा फरक मोठा.

मकरंद_जी
हलवतात ते कुठे हलवतात पण? समुद्रापासून लांब की जवळच्या शाळेत?

दर्यावर्दी
दोन्ही होतं, आणि यावर मतभेद आहेत. ओडिशा आणि बांगलादेशात किनाऱ्याजवळच उंच खांबांवर निवारे बांधलेत, खालचा मजला मोकळा, पाणी खालून निघून जातं. लोक जवळ असेल तरच जातात, घर-गुरं सोडून तीस किलोमीटर कोणी जात नाही, हा त्यामागचा विचार. पण तळमजल्याची साधी शाळा हा सर्जसाठी निवारा नाही, वाऱ्यासाठी असू शकतो. २०१३ ला फिलिपिन्समध्ये हैयान वादळात टॅक्लोबान भागात असंच झालं, वाऱ्यासाठी ठरवलेल्या काही निवाऱ्यांमध्येच पाणी शिरलं आणि माणसं आत बुडाली. म्हणून तुम्हाला कुठे जायला सांगितलं तर आधी विचारा, ती इमारत भरतीच्या पातळीपासून किती उंच आहे आणि वर चढायला पक्का जिना आहे का.

रवी_टी
भावाला सांगितलं बोटीचं. तो विचारतोय बंदरात दोरखंड किती ढिला ठेवायचा, पाणी दीड-दोन मीटर चढलं तर ताठ होऊन तुटेल किंवा बोट खाली दाबली जाईल ना? कुणाला अनुभव असेल तर सांगा.